चालू खात्यातून चुकून वजा झालेली रक्कम : बँकेला पत्र कसे लिहावे?

आमचे बहुतेक व्यापारी व कारागीर बंधू बँकेत चालू खाते ठेवतात. कोणाला रोज चेकची देवाणघेवाण करावी लागते म्हणून, तर कोणाला बचत खात्यावरील व्याज नको असते म्हणून. कारण काहीही असो, चालू खात्यावर नोंदी भरपूर होतात आणि जिथे नोंदी भरपूर तिथे चूकही केव्हातरी होतेच. चूक बँकेकडून झाली तरी तिचा पहिला फटका बसतो तो खातेदाराला. खात्यातील शिल्लक एकाएकी घटते, ठरल्या वेळी दिलेला चेक परत जातो आणि बाजारात ज्या नावावर उधारी चालते त्या नावाला बट्टा लागतो.

अशा वेळी आमचे बंधू काय करतात? बँकेत जातात, काउंटरवरील बाबूशी वाद घालतात, "पाहतो, होऊन जाईल" असे ऐकून परत येतात. आठवड्याने पुन्हा जातात, तेव्हा बाबू बदललेला असतो. तोंडी तक्रारीची कोठेही नोंद नसते. म्हणून आज आपण एकच गोष्ट शिकणार आहोत: चुकून नावे पडलेली रक्कम परत जमा करून घेण्यासाठी बँकेला पत्र कसे लिहावे, त्यात काय असावे व काय नसावे.

उदाहरणासाठी प्रसंग

गोष्ट नीट कळावी म्हणून आम्ही एक नमुन्याचे उदाहरण घेतो. गोंदियाजवळील नागरा येथे ग्रिल, फाटक व शटर तयार करणारे एक कारागीर आहेत असे समजा. त्यांचे चालू खाते गोंदिया शहरातील एका बँकेत आहे. खात्यात ५२,३०० रुपये शिल्लक होती. त्यांनी लोखंड-व्यापाऱ्याला १४,६५० रुपयांचा चेक दिला. चार-पाच दिवसांनी रंगवाल्याला १२,००० रुपयांचा दुसरा चेक दिला. हिशेबाने दोन्ही चेक वटून खात्यात २५,६५० रुपये उरावयास हवे होते.

प्रत्यक्षात रंगवाल्याचा चेक परत गेला. बँकेच्या मेमोवर कारण होते, पुरेशी शिल्लक नाही. वर चेक परतीचा आकार ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये, असे ५९० रुपये कापले गेले. (आकार बँकेगणिक वेगळा असतो, हा आकडा उदाहरणापुरता आहे.) खात्यात उरले १०,०६० रुपये. कारागीर बंधू चक्रावले. पन्नास हजारांवर शिल्लक असताना बारा हजारांचा चेक परत जातो कसा?

चूक शोधावी कशी?

पत्र लिहिण्याआधी चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते सापडले पाहिजे. "माझे पैसे कमी झाले" एवढ्यावर बँक काहीही करू शकत नाही. बँकेचा कारकून खाते दुरुस्त करतो ते एकेका नोंदीने, म्हणून आपल्यालाही ती नोंद बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

त्यासाठी बँकेतून खातेउतारा घ्यावा आणि आपला रोजमेळ शेजारी ठेवावा. उताऱ्यातील प्रत्येक नावे नोंद रोजमेळातील नोंदीशी ताडून जुळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. शेवटी उताऱ्यावर ज्या ओळीला खूण नाही, तीच संशयाची ओळ. आपल्या उदाहरणात अशा दोन ओळी निघाल्या. एक ५९० रुपयांची आणि दुसरी चेक क्रमांक ०००२१७ ची. या चेकची रक्कम रोजमेळात १४,६५० आहे, उताऱ्यात ४१,६५० आहे. फरक २७,००० रुपयांचा.

इथे जुन्या मुनीम मंडळींचा एक ठोकताळा उपयोगी पडतो. दोन आकड्यांतील फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय धरावा. २७,००० ला ९ ने भाग जातो, ३,००० येतात. म्हणजे १४ चे ४१ झाले आहेत. हा केवळ इशारा आहे, पुरावा नव्हे. कारण दुसऱ्या चुकांमुळेही फरकाला कधी ९ ने भाग जातो. पण शोध कोठे घ्यावयाचा ते यावरून लगेच कळते. फरक आकड्याच्या दुप्पट निघाला तर नोंद उलट्या बाजूला पडली असावी, म्हणजे जमा व्हावयाची रक्कम नावे टाकली गेली असावी. आणि फरक बरोबर एखाद्या नोंदीएवढाच असेल तर ती नोंद दोनदा पडली असावी किंवा एखादी राहून गेली असावी.

त्यानंतर चेकबुकातील स्थळप्रत पाहावी. जे बंधू स्थळप्रत कोरी ठेवतात, त्यांच्याजवळ अशा वेळी सांगण्यासारखे काही उरत नाही. चेक फाडण्याआधी तारीख, नाव व रक्कम स्थळप्रतीवर लिहावी, एवढी सवय पुरे.

ही चूक होते कशी?

पूर्वी चेक प्रत्यक्ष एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात असे. आता तसे होत नाही. लोखंड-व्यापाऱ्याने ज्या बँकेत चेक भरला तिथेच तो कागद राहतो. त्याचे छायाचित्र आणि त्यासोबत रकमेचा आकडा आपल्या बँकेकडे येतो. हा आकडा भरताना तिकडच्या कारकुनाने १४,६५० ऐवजी ४१,६५० भरला. आपल्या बँकेने छायाचित्रातील रक्कम आणि आलेला आकडा ताडून पाहावयास हवा होता, तो पाहिला नाही. म्हणजे चूक दोन ठिकाणी झाली. एकाने चुकीचे लिहिले आणि दुसऱ्याने न पाहता पैसे दिले.

हे समजून घेणे जरुरीचे आहे, कारण बँकेत पहिले उत्तर मिळते ते हेच: "चूक समोरच्या बँकेची आहे, तुम्ही तिकडे जा." या उत्तराला आपण मान्यता देऊ नये. आपला करार आपल्या बँकेशी आहे. आपण तिला सही करून १४,६५० रुपये देण्याचा हुकूम दिला. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त देण्याचा हुकूम दिलेला नाही. जादा गेलेली रक्कम समोरच्या बँकेकडून वसूल करणे हे आपल्या बँकेचे काम आहे.

चेकच्या कायद्यात, म्हणजे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, आपल्या कामाची दोन कलमे आहेत. कलम १८ सांगते की अंकी व अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी. म्हणून पत्रात नेहमी चेकवरील अक्षरी रक्कम लिहावी. "चौदा हजार सहाशे पन्नास" या शब्दांचे कोणी एकेचाळीस हजार करू शकत नाही. कलम ३१ सांगते की खात्यात पुरेसा पैसा असताना बँकेने चेक वटविला पाहिजे आणि न वटविल्यास चेक देणाऱ्याचे त्यामुळे झालेले नुकसान बँकेने भरून दिले पाहिजे. रंगवाल्याचा चेक परत गेला तेव्हा कारागिराच्या खात्यात खरे पाहता ३७,६५० रुपये असावयास हवे होते. पैसा होता, तो बँकेच्या चुकीने दिसत नव्हता. त्यामुळे ५९० रुपयांचा आकार त्यांच्यावर बसूच शकत नाही.

आधी चेकची प्रत पाहा

पत्र देण्याआधी शाखेत जाऊन चेक क्रमांक ०००२१७ ची छायाप्रत मागावी. ती बँकेच्या संगणकात असते. मूळ कागदही ज्या बँकेत चेक भरला तिथे दहा वर्षे जपून ठेवावा असा नियम आहे. प्रत पाहिल्यावर तीनपैकी एक गोष्ट कळेल.

पहिली, चेकवर अंकी व अक्षरी १४,६५० च आहे. मग चूक सरळ बँकेची आणि आजचे पत्र त्यासाठीच आहे.

दुसरी, चेकवर आपल्याच हाताने ४१,६५० लिहिले गेले आहे. घाईत असेही होते. मग बँकेने बरोबर केले आणि जादा पैसे लोखंड-व्यापाऱ्याकडूनच परत घ्यावे लागतील.

तिसरी, चेकवर कोणी खाडाखोड करून रक्कम वाढविली आहे. मग हा चुकीचा नव्हे, फसवणुकीचा मामला झाला. पत्राची भाषा बदलते आणि पोलिसांत तक्रारही द्यावी लागते. अशा मामल्यात बदल डोळ्यांना दिसण्यासारखा होता की नाही, यावर बँकेची जबाबदारी बरीच अवलंबून राहते. चेक लिहिताना आकड्याच्या व शब्दांच्या आगेमागे मोकळी जागा सोडू नये, ते याचसाठी.

प्रत पाहिल्याशिवाय पत्रात आरोप करू नये. चेक आपणच चुकीचा लिहिला असे नंतर निघाले तर पुढच्या खऱ्या तक्रारीचेही वजन जाते.

पत्राचा नमुना

पत्र मराठीत लिहिले तरी चालते. मात्र खाते क्रमांक, चेक क्रमांक व रकमा उताऱ्यावर छापल्या आहेत तशाच इंग्रजी अंकांत लिहाव्यात, म्हणजे परप्रांतातून आलेल्या अधिकाऱ्याचीही गफलत होत नाही. पत्र दुकानाच्या लेटरहेडवर असावे. लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर दुकानाचे नाव व पत्ता वर लिहून खाली रबरी शिक्का मारावा. चालू खाते दुकानाच्या नावाने असते, म्हणून सही बँकेत नमुना दिलेल्या माणसानेच करावी. भागीदारी असेल तर चेकवर ज्यांच्या सह्या चालतात त्यांच्याच सह्या पत्रावर हव्यात. मुलाने किंवा मुनीमाने सही केलेले पत्र याच एका कारणावरून बाजूला पडते.

दुकानाचे नाव :
मु. नागरा, ता. जि. गोंदिया
मोबाईल क्रमांक (खात्याला जोडलेला) :
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), (शाखा), गोंदिया

विषय : चालू खाते क्रमांक ……… मध्ये चेक क्र. ०००२१७ पोटी २७,००० रुपये जास्त नावे पडल्याबाबत व दुरुस्तीबाबत.

महोदय,

आमचे वरील चालू खाते आपल्या शाखेत आहे. आम्ही दि. १० नोव्हेंबर २०२५ रोजी चेक क्र. ०००२१७ हा रुपये १४,६५० (अक्षरी चौदा हजार सहाशे पन्नास फक्त) एवढ्या रकमेचा दिला होता. दि. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी आमच्या खात्यात या चेकपोटी १४,६५० ऐवजी ४१,६५० रुपये नावे टाकण्यात आले आहेत. चेकच्या छायाप्रतीवर अंकी व अक्षरी दोन्ही रकमा १४,६५० अशाच आहेत. म्हणजे २७,००० रुपये आमच्या आदेशाशिवाय जास्त नावे पडले आहेत.

या चुकीमुळे खात्यात केवळ १०,६५० रुपये शिल्लक दिसली आणि दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी आमचा चेक क्र. ०००२१८, रुपये १२,०००, अपुरी शिल्लक या कारणाने परत गेला. त्या दिवशी खात्यात प्रत्यक्षात ३७,६५० रुपये असावयास हवे होते. चेक परतीचा आकार जीएसटीसह ५९० रुपये आमच्या खात्यातून वजा झाला आहे.

तरी विनंती की,

१. जास्त नावे पडलेले २७,००० रुपये दि. १२ नोव्हेंबर २०२५ या मूळ तारखेपासून आमच्या खात्यात जमा करावेत.

२. चेक परतीचा आकार ५९० रुपये (जीएसटीसह) परत जमा करावा आणि याच कारणाने पुढे किमान शिल्लक कमी असल्याचा आकार लागल्यास तोही रद्द करावा.

३. चेक क्र. ०००२१८ बँकेच्या चुकीमुळे परत गेला असे पत्र आम्हांस द्यावे, म्हणजे ते चेक घेणाऱ्यास दाखविता येईल.

४. दुरुस्ती केल्याचे सात दिवसांच्या आत लेखी कळवावे.

सोबत : (१) १० ते १७ नोव्हेंबरचा खातेउतारा, संबंधित नोंदींवर खूण करून, (२) चेक क्र. ०००२१७ ची छायाप्रत. (३) चेकबुकातील स्थळप्रतीची झेरॉक्स. (४) चेक परतीच्या मेमोची झेरॉक्स.

आपला विश्वासू,
(सही व दुकानाचा शिक्का)
प्रोप्रायटर

पत्रातील खुब्या

वरील पत्रात चोरी, लुबाडणूक, कोर्टात खेचू असा एकही शब्द नाही हे वाचकांनी पाहिले असेल. व्यवस्थापकाने ते पत्र संबंधित कारकुनाकडे पाठविले की त्याला चेक क्रमांक, तारीख, पडलेली रक्कम, पडावयाची रक्कम आणि फरक, एवढे एका परिच्छेदात मिळते. त्याला पुन्हा आपल्याला बोलवावे लागत नाही. रागाचे पत्र मिळाले तर तोच कारकून आधी आपला बचाव लिहावयास बसतो.

"मूळ तारखेपासून" या शब्दांकडे खास लक्ष द्यावे. बँकेने आजच्या तारखेने पैसे जमा केले तर मधल्या दिवसांत शिल्लक कमीच दिसत राहते आणि महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी सरासरी शिल्लक कमी म्हणून संगणक आपोआप आणखी आकार लावतो. चूक दुरुस्त झाली म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि तीन महिन्यांनी तिचीच दुसरी कापणी होते. ज्या बंधूंचे खाते ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटचे आहे, त्यांना तर या शब्दांची अधिकच गरज आहे. त्यांच्या खात्यावर जास्त नावे पडलेल्या रकमेवर दररोज व्याज चढते आणि मूळ तारखेने जमा झाल्याशिवाय ते व्याज उतरत नाही. साध्या चालू खात्यावर व्याज नसते, म्हणून तिथे व्याजाची मागणी करण्याचा प्रश्न येत नाही. तिथे मागावयाची ती मूळ रक्कम आणि चुकीमुळे बसलेले आकार. रंगवाल्याच्या बँकेनेही त्याच्याकडून आकार घेतला असेल आणि त्याने तो आपल्याकडे मागितला, तर त्याची पावती जोडून तीही रक्कम कलम ३१ च्या आधारे मागता येते.

एका पत्रात एकच मामला ठेवावा. "तसेच मागील वर्षी आपण चेकबुक उशिरा दिले" अशी जुनी गाऱ्हाणी त्यात घातली की मूळ मुद्दा मागे पडतो आणि उत्तर येते ते चेकबुकाचे. मूळ कागद कधीही देऊ नयेत, झेरॉक्स द्याव्यात.

पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नका

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक शाखेत द्यावी आणि दुसरीवर बँकेचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही व आवक क्रमांक घ्यावा. हीच आपली पोच. पुढील सर्व मुदती या तारखेपासून मोजल्या जातात. शाखा पोच देण्यास टाळाटाळ करीत असेल तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. बँकेच्या संकेतस्थळावर किंवा टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदविल्यास तक्रार क्रमांक मिळतो, तो आपल्या प्रतीवर लिहून ठेवावा.

सात दिवसांत काही न झाल्यास स्मरणपत्र द्यावे, त्यात पहिल्या पत्राची तारीख व आवक क्रमांक घालावा. तीस दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून ही योजना सर्व देशासाठी एकच झाली आहे. तक्रार cms.rbi.org.in वर किंवा चंदीगड येथील केंद्राकडे पोस्टाने करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे वरील शिक्क्याची प्रत. उत्तरानंतर फार दिवस घालवू नयेत, कारण लोकपालाकडे जाण्यालाही मुदत आहे. खाते पतसंस्थेत असेल तर हा मार्ग बंद आहे, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. तिथे सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे दाद मागावी लागते.

परत गेलेल्या चेकचे काय?

बँकेला पत्र देऊन घरी बसणे पुरेसे नाही. रंगवाल्याच्या हातात परत गेलेला चेक आहे. बँकेकडून चेक परतल्याची खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत तो कलम १३८ खाली नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. बँकेची दुरुस्ती होईपर्यंत हे दिवस थांबत नाहीत. म्हणून त्याच दिवशी रंगवाल्याकडे स्वतः जावे, बँकेला दिलेल्या पत्राची प्रत द्यावी आणि जमेल तर पैसे रोखीने किंवा दुसऱ्या मार्गाने देऊन पावती व परतलेला चेक घ्यावा. पैसे देणे शक्य नसेल तर दुरुस्ती झाल्यावर चेक पुन्हा भरण्याची तारीख ठरवून घ्यावी. नोटीस आलीच, तर "बँकेची चूक आहे" म्हणून पंधरा दिवस वाया घालवू नयेत. पैसे द्यावेत आणि बँकेशी हिशेब नंतर करावा.

लोखंड-व्यापाऱ्याचीही एक बाजू आहे. त्याच्या खात्यात २७,००० रुपये जास्त जमा झाले आहेत. तो भला माणूस असेल तर म्हणेल, "भाई, पुढच्या बिलात वळते करून घेऊ." ऐकायला सोपे वाटते, पण यात गुंता आहे. आपण बिलात वळते केले आणि इकडे बँकेनेही पैसे जमा केले, तर एकच रक्कम दोनदा आपल्याकडे येईल. ती आपली नाही. त्याच्याकडून परत घ्यावयाचे ठरले तर बँकेला तसे लेखी कळवून पत्रातील पहिली मागणी मागे घ्यावी, चेक परतीच्या आकाराची मागणी मात्र कायम ठेवावी. नाहीतर त्याला सांगावे की पैसे हात न लावता ठेव, बँक परत मागेल. चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ सांगते. उद्या आपल्या खात्यात कोणाची रक्कम चुकून आली तर हाच नियम आपल्यालाही लागू आहे. ती अमानत समजावी आणि आपणच बँकेला कळवावे.

उशिरा लक्षात आले तर?

बरेच बंधू उतारा वर्षातून एकदाच, हिशेबनीसाला देण्यापुरता काढतात. सहा महिन्यांनी चूक सापडली तर बँक म्हणते, "तेव्हाच का सांगितले नाही?" या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा एक निकाल आहे. मंगळूरच्या कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या कंपनीच्या चालू खात्यातून तिच्याच हिशेबनीसाने खोट्या सह्यांच्या ४२ चेकने तीन लाख सव्वीस हजारांहून अधिक रुपये काढले होते, आणि हे काही वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बँकेने म्हटले की कंपनीने उतारे तपासले नाहीत, म्हणून दोष तिचा. न्यायालयाने ते मानले नाही. खोट्या सहीचा चेक हा खातेदाराचा हुकूमच नव्हे, आणि केवळ उतारा न तपासल्याने बँकेची जबाबदारी जात नाही, असा निकाल कॅनरा बँकेविरुद्ध लागला.

तेव्हा उशीर झाला म्हणून हक्क सोडू नये. पण त्या कंपनीला न्याय मिळेपर्यंत किती वर्षे गेली हेही पाहावे. चेक १९५७ ते १९६१ या काळातील होते. दर महिन्याला अर्धा तास देऊन उतारा रोजमेळाशी ताडून पाहणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगितली पाहिजे. वरील सर्व रीत बँकेच्या चुकीसाठी आहे. मोबाईल, कार्ड किंवा इंटरनेटवरून कोणी तिऱ्हाइताने पैसे काढले असतील, तर पत्र लिहीत बसू नये. त्याच घटकेला बँकेला फोन करून खाते बंद करावे व १९३० वर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमानुसार चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविणाऱ्यावर नुकसान पडत नाही. उशीर झाल्यास ते काही अंशी त्याच्यावर येऊ शकते. पत्र तिथेही द्यावयाचेच आहे, पण फोननंतर.

दुरुस्ती झाल्यावर

बँकेने पैसे जमा केल्याचा संदेश आला की नवा उतारा घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. २७,००० आणि ५९० या दोन्ही रकमा आल्या का, त्या मूळ तारखेने आल्या का, आणि ५९० पैकी जीएसटीचे ९० रुपये मागे राहिले नाहीत ना. पुष्कळदा ५०० परत येतात आणि ९० तसेच राहतात. आपल्या उदाहरणात १०,०६० मध्ये २७,५९० मिळविले की ३७,६५० होतात, आणि रंगवाल्याचे १२,००० गेले की बरोबर २५,६५० उरतात. रोजमेळातील आकडाही हाच आहे. हे दोन आकडे जुळले की त्या महिन्याच्या उताऱ्यावर "जुळला" असे लिहून, पत्राची शिक्क्याची प्रत त्यालाच टाचून ठेवावी.